शॉप ॲक्ट, ट्रेड लायसन्स आणि सांगलीतलं एक चटणी कांडप

“शॉप ॲक्ट काढला की दुकान कायदेशीर झालं. महापालिकेचं ट्रेड लायसन्स म्हणजे तेच, पैसे उकळायला दिलेलं दुसरं नाव. कुणी विचारायला आलं तर शॉप ॲक्ट दाखवा, कुणी हात लावू शकत नाही. जागेचा पुरावा पण तोच.”

सांगली-मिरजेच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. दुकानांची कागदपत्रं करणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे आणि हे वाचून लोक खरंच पैसे गुंतवतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी तो शॉप ॲक्ट नीट बघू. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी दाखला मिळतच नाही. मालकाने धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत नमुना ‘फ’ मध्ये ऑनलाइन सूचना द्यायची आणि त्या सूचनेची पोच घ्यायची, एवढंच. दहाचा हा आकडा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य सरकारने 2025 मध्ये घेतला. पण नवरा-बायको आणि एक पोरगा अशा दुकानाला त्याने काही फरक पडत नाही. ते आधीही पोचवालंच होतं.

ही पोच हातात घेऊन वाचा. मालकाचं नाव, दुकानाचं नाव, पत्ता, धंद्याचा प्रकार, कामगार किती, धंदा कधी सुरू झाला. यातली प्रत्येक ओळ तुम्हीच भरलेली असते. पोच देण्याआधी कुणी दुकानात येऊन बघत नाही. म्हणजे अमुक तारखेला अमुक माणसाने अमुक पत्त्यावरच्या धंद्याची माहिती कामगार खात्याला स्वतःहून कळवली, एवढं त्या कागदाने सिद्ध होतं. हे कमी नाही. धंदा लपवलेला नाही आणि तो कुणाच्या नावावर आहे, हे त्यातून दिसतं. चालू खातं उघडायला बँक तो कागद मागते ती यासाठीच. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत एकल मालकीच्या धंद्यासाठी जे पुरावे चालतात, त्यांत शॉप ॲक्टचा दाखलाही आहे; मात्र साधारणपणे असे दोन पुरावे द्यावे लागतात. बँकेत चालला म्हणून तो सगळीकडे चालेल, ही समजूत इथूनच पसरली असावी.

कामगारांच्या बाबतीतही या पोचेवर फार विसंबू नका. इतक्या लहान दुकानाला या कायद्याचं सूचना देण्यापुरतंच कलम लागतं, कामाचे तास आणि रजा यांची बाकीची कलमं लागत नाहीत. त्यामुळे पोच आहे म्हणून तिथल्या पोराला पगार नीट मिळतो, असंही म्हणता येत नाही. किमान वेतनाचा हिशोब वेगळा.

आता ‘तेच, दुसरं नाव’. मुंबईत शॉप ॲक्टचं कामही महापालिकाच बघते, म्हणून तिकडच्या माणसाला दोन्ही एकाच घरचे कागद वाटू शकतात. सांगलीत शॉप ॲक्ट कामगार खात्याकडे आहे आणि धंद्याचा परवाना सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेकडे. कायदाही वेगळा, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949. त्याच्या कलम 376 प्रमाणे जीविताला, आरोग्याला, मालमत्तेला धोका होईल किंवा आसपासच्यांना उपद्रव होईल असा धंदा आयुक्तांच्या परवान्याशिवाय कुठल्याही जागेत चालवता येत नाही. विजेच्या किंवा इतर यंत्रशक्तीवर चालणारी कामाची जागा नव्याने सुरू करायची, तर कलम 313 खाली आधी लेखी परवानगी लागते. कामगार खातं विचारतं मालक कोण आणि माणसं किती. महापालिका विचारते हा धंदा या जागेत शेजाऱ्यांना त्रास न होता चालेल का.

विश्रामबागच्या बाजूला एका बोळात तळमजल्याचा गाळा भाड्याने घेऊन कुणी चटणी कांडप सुरू केलं, असं धरा. पाच एचपीची मोटर, वर आणि मागे राहती घरं. शॉप ॲक्टची पोच लॅमिनेट करून भिंतीला लावलेली. हिवाळाभर कुणाची तक्रार नाही. मार्च-एप्रिलला वर्षाच्या चटणीचा हंगाम येतो, सकाळपासून मिरचीची पोती लागतात, तिखटाचा खकाणा वरच्या मजल्यावर जातो, म्हाताऱ्या माणसांना ठसका लागतो, कांडपाच्या ठोक्यांनी भिंत हादरते. वरचे लोक महापालिकेत अर्ज देतात. निरीक्षक येऊन परवाना मागतो. मालक भिंतीवरच्या पोचेकडे बोट दाखवतो.

ती पोच खोटी नाही, पण निरीक्षकाच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही. खकाणा बाहेर जाऊ नये म्हणून काय केलंय, मोटर किती एचपीची, मशीनखाली पाया घेतलाय का, कांडप किती वाजेपर्यंत चालतं, यातलं काहीच नमुना ‘फ’ ने विचारलेलं नसतं. परवान्याचा अर्ज केला असता तर हे प्रश्न मशीन बसवण्याआधीच आले असते. गाळा बदलणं किंवा धुराडं काढणं तेव्हा परवडलं असतं. आता अनामत दिलेली, वीजजोडणी घेतलेली, हंगाम तोंडावर, आणि हातात विनापरवाना धंदा बंद करण्याची नोटीस. ‘हात लावू शकत नाही’ या वाक्यावर विसंबल्याने नुकसान होतं ते असं.

परवाना मिळाला तरी तो कशाचा आहे ते कळायला हवं. या माणसाला, या जागेत, हा धंदा, इतक्या मुदतीपर्यंत, या अटींवर करायला महापालिकेने परवानगी दिली, एवढं तो सांगतो. अटी मोडल्या तर तो निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. कलम 386 मध्ये तसं स्पष्ट आहे. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी घ्यावी लागते, आणि कांडपाला तीही लागते. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे, हेही परवान्याने सिद्ध होत नाही.

जागेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो दोन्ही बाजूंना फसवतो. भाडेकरूला वाटतं शॉप ॲक्ट माझ्या नावावर आहे, आता मला कोण उठवतो. आणि याच भीतीने बरेच घरमालक गाळा देतात पण शॉप ॲक्ट काढायला पत्र देत नाहीत. पत्ता तुम्हीच लिहिलेला असल्याने पोचेवरून ‘मी इथे धंदा करतो असं मी कळवलं होतं’ एवढंच म्हणता येतं. जागेवरचा हक्क भाडेकरारातून येतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदवून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. करार नोंदवून दिलात तर घरमालकांनो, शॉप ॲक्टला घाबरायचं कारण उरत नाही.

महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणजे बुधगावसारख्या ठिकाणी दुकान असेल तर परवानगीसाठी ग्रामपंचायतीकडे जावं लागतं. शॉप ॲक्टची सूचना तिथूनही कामगार खात्यालाच जाते.

गाळा बघायला जाल तेव्हा अनामत देण्याआधी घरपट्टीची पावती मागा आणि त्यावर जागेचा वापर निवासी लिहिलाय की व्यापारी ते बघा. निवासी असेल तर परवाना विभागात जाऊन धंद्याचं नाव आणि मोटरची एचपी सांगून या पत्त्यावर परवाना मिळेल का ते विचारा. अनामत त्यानंतर.