टाइलवरचं ब्लेंडिंग स्वस्त असतं, धूर नाही

«फोनचा जीपीयू टाइल-बेस्ड असतो, त्यामुळे ओव्हरड्रॉ, म्हणजे एकाच पिक्सेलवर पुन्हा पुन्हा रंगवणं, त्याला लागतच नाही. ब्लेंडिंग चिपवरच होतं आणि झाकलेले पिक्सेल हार्डवेअर आपणहून टाकून देतं. तेव्हा धुराचे थर बिनधास्त चढवा. जड वाटलंच तर तेवढा इफेक्ट अर्ध्या रिझोल्यूशनमध्ये काढा, विषय संपला.»

या सल्ल्यातलं ब्लेंडिंगचं वाक्य खरं आहे, आणि बाकीचा सगळा घोटाळा त्याच्यातूनच निघतो. टाइल-बेस्ड जीपीयू आधी सगळे त्रिकोण कुठल्या टाइलमध्ये पडतात ते लावून घेतो. टाइल माली किंवा पॉवरव्हीआरवर 16×16, 32×32 अशी छोटी असते, ॲड्रिनोवर बरीच मोठी. मग एकेका टाइलचा रंग आणि डेप्थ चिपवरच्या मेमरीत ठेवून ती पूर्ण रंगवतो आणि शेवटी एकदाच बाहेर लिहितो. 1080×2400 च्या पडद्यावर पिक्सेलमागे 4 बाइट धरले, तर पडदाभर पसरलेल्या एका थराचं ब्लेंडिंग म्हणजे जुना रंग वाचणं आणि नवा लिहिणं मिळून साधारण 20.7 एमबी. असे आठ थर सेकंदाला 60 वेळा थेट डीरॅममध्ये करायचे, तर जवळपास 10 जीबी प्रति सेकंद वाहतूक होईल. ती टळते, हे कबूल.

टळते ती वाहतूक. शेडर मात्र आठही थरांसाठी चालतो. हिशोब मांडून बघू. पडद्यावर 25.92 लाख पिक्सेल, आठ थर, 60 फ्रेम: सेकंदाला सुमारे 124 कोटी वेळा फ्रॅगमेंट शेडर. समजा जीपीयूला चार कोअर आहेत आणि घड्याळ 600 मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण 240 कोटी सायकल. एका धुराच्या पिक्सेलला दोन सायकलही येत नाहीत, आणि अजून भिंती, माणसं, यूआय काहीच काढलेलं नाही. आता धूर हलता दिसावा म्हणून शेडरमध्ये तीन नॉइझ टेक्स्चर वाचलीत, आणि कोअर सायकलला एकच नमुना वाचतो असं धरलं, तर नुसत्या वाचनातच 373 कोटी सायकल जातात. फ्रेमला 16.7 ऐवजी 26 मिलिसेकंद. नवे कोअर सायकलला जास्त नमुने वाचतात, पण त्यांच्या फोनांचे पडदेही अनेकदा 120 हर्ट्झचे असतात.

झाकलेल्या पिक्सेलचं म्हणाल तर ती सोय अपारदर्शक वस्तूंपुरती आहे. पॉवरव्हीआर आणि ॲपलचे जीपीयू शेडर चालवण्याआधीच समोरचा पृष्ठभाग कोणता ते ठरवतात. मालीवर आणि ॲड्रिनोवर याच कामाच्या वेगळ्या युक्त्या आहेत, पण तिथे अपारदर्शक वस्तू पुढून मागे या क्रमाने काढलेल्या बऱ्या. धुराच्या बाबतीत हे सगळेच हात टेकतात. पुढचा थर अर्धपारदर्शक असेल तर मागचा रंग लागणारच, मग मागचा टाकून कसा देणार? भिंतीमागचा धूर तेवढा डेप्थ टेस्टमध्ये गळतो.

स्प्राइटच्या रिकाम्या कोपऱ्यांचंही तसंच. तिथे अल्फा शून्य आहे हे आपल्याला दिसतं, जीपीयूला शेडर चालवल्याशिवाय कळत नाही. मग कोणीतरी `discard` सुचवतं. तिथपर्यंतचं काम तर होऊन गेलेलं असतं. वाचतं ते बहुतेक ब्लेंडिंग, जे मुळातच स्वस्त होतं. धुराला डेप्थ लिहिणं बंद असतं म्हणून निदान नुकसान फारसं नाही. पानं, जाळ्या यांच्यात डेप्थ लिहिली जाते, तिथे `discard` टाकलं की शेडर संपेपर्यंत खरी डेप्थच ठरत नाही आणि लवकर गाळण्याची सोय बरीचशी हातची जाते. कोपऱ्यांवर साधा उपाय म्हणजे चौकोनाऐवजी अष्टकोन काढणे. गोल ढगाभोवती घट्ट बसवलेल्या अष्टकोनाचं क्षेत्रफळ चौकोनाच्या 83 टक्के भरतं; चार शिरोबिंदू वाढतात, 17 टक्के पिक्सेल कमी होतात.

अर्ध्या रिझोल्यूशनच्या सल्ल्यावर जरा थांबू या, कारण तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. पिक्सेल एक चतुर्थांश होतात, वरचे 26 मिलिसेकंद साडेसहावर येतात. पण धूर भिंतीमागे लपायला हवा, म्हणजे त्या छोट्या पासला दृश्याची डेप्थ हवी. एरवी ती टाइल संपताच फेकून देता येते. आता ती मेमरीत लिहायची, परत वाचायची. त्यासाठी मुख्य पास मध्येच तोडावा लागतो, म्हणजे रंगही बाहेर जाऊन पुन्हा आत येतो. डेप्थचे जाऊन-येऊन 20.7 एमबी, रंगाचे तेवढेच, छोट्या धुराचे सव्वापाच. फ्रेमला सुमारे 47 एमबी, सेकंदाला 2.8 जीबी. एक जीबी प्रति सेकंदाला 80 ते 100 मिलिवॉट हा आर्मचा ठोकताळा लावला तर पाव वॉटच्या आसपास. फ्रेमबफरचं कॉम्प्रेशन यातलं काही वाचवतं, पण दोनच थरांच्या धुरासाठी हा सौदा मी करणार नाही.

मी क्रम उलटा करतो. आधी अर्ध्या रिझोल्यूशनचा पास: त्यात फक्त मोठ्या भिंती आणि जमीन, नुसत्या डेप्थसाठी, आणि त्यांच्यावर धूर. पास संपला की ही डेप्थ `glInvalidateFramebuffer` ने टाकून द्यायची, ती टाइलबाहेर पडतच नाही. मग मुख्य पास एकसंध, आणि त्याच्या शेवटी धुराचं चित्र एका चौकोनाने वर चढवायचं. जास्तीची वाहतूक फ्रेमला सव्वापाच एमबी. तोटे आहेत: भिंतींचे शिरोबिंदू दोनदा मोजावे लागतात, कडा थोड्या ढोबळ दिसतात, आणि त्या यादीत नसलेला खांब धुराच्या पुढे असूनही धुराखाली जातो. खांब दिसला की तो यादीत घालायचा.

याच्याही आधी शेडर हलका करा. तीन नॉइझ मिसळून होणारी हालचाल आधीच चित्रांच्या पट्टीत भाजून ठेवता येते, प्रकाश वर्टेक्स शेडरमध्ये काढता येतो:

```glsl
#version 300 es
precision mediump float;
uniform sampler2D uSmoke;
in highp vec2 vUv;
in vec4 vLight;
out vec4 color;
void main() {
    color = texture(uSmoke, vUv) * vLight;
}
```

`vUv` मुद्दाम `highp` ठेवलाय. मोठ्या पट्टीवर 16 बिटांत चौकटी थरथरतात. तीनाऐवजी एक नमुना झाला की पूर्ण रिझोल्यूशनलाही वरच्याच हिशोबाने 26 चे जवळपास 9 मिलिसेकंद होतात. माझ्या एका गेममध्ये छोट्या पासची गरजच उरली नाही, आणि मी तो आधी लिहून बसलो होतो.

खर्च कुठे आहे हे ओळखायला दोन चाचण्या पुरतात. रेंडर रिझोल्यूशन दोन्ही बाजूंनी अर्धं करा: जीपीयूचा वेळ दणकन उतरला तर पिक्सेलांचं काम जड आहे, हलला नाही तर शिरोबिंदूंकडे किंवा सीपीयूकडे बघा. मग धुराचा शेडर एका सपाट रंगावर आणा, अल्फा तसाच अर्धवट ठेवून. वेळ उतरला तर शेडर दोषी, तसाच राहिला तर थरांची संख्या. दोन्ही चाचण्या फोन दहा-पंधरा मिनिटं तापवून घ्या. थंड फोन घड्याळ चढवून 26 चं कामही काही मिनिटं 16 मध्ये बसवून दाखवतो, मग तापला की घड्याळ उतरवतो.