सातवा गठ्ठा

सरकारी कार्यालयात गठ्ठे सहाच असतात. टेबलावर काम चालू असलेली प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघणारी प्रतीक्षाधीन, दर महिन्याला-तिमाहीला पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात धाडायची निकाली प्रकरणं आणि शेवटी नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. याला सहा गठ्ठा पद्धत म्हणतात. पद्धतीच्या नावातच आकडा आहे. तरीही बदलीवर धुळ्यात आलेल्या माणसाला मध्यंतरी अख्ख्या शाखेसमोर, अत्यंत सात्त्विक चेहऱ्याने सांगण्यात आलं, “भाऊसाहेब, जरा अभिलेख कक्षातून सातवा गठ्ठा आणता का?” तो माणूस मी. वीस वर्षांची नोकरी झालेल्या माणसाला हे सांगतात, याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

त्याआधी माझं बारसं उरकलं होतं. मी रत्नागिरीकडचा, म्हणून ‘हापूस’. पहिल्याच दिवशी बारनिशीतून हाक आली, “काय हापूस, पेटी कुठंय?” आता इथे नवा माणूस हमखास घसरतो. “मला माझ्या नावाने हाक मारा” म्हटलं, की नाव निवृत्तीपर्यंत चिकटतं. कारण चिडवणारा आंब्यासाठी चिडवत नसतो. बोट लावलं की हा कुठून ओरडतो, ते तो तपासत असतो. उलट टोला हाणणं त्याहून वाईट. आपल्याला अजून कुणाची सोयरीक कुणाशी, कुणाचं कुणाशी वाकडं, हे माहीत नसतं. एकाला मारलेला टोला भलत्याच तिघांना लागतो. म्हणून त्याचंच म्हणणं मान्य करायचं आणि वर एक पायरी चढवायची. मी म्हटलं, “अजून अढीत आहे. पिकायला पंधरा दिवस तरी लागतील.” एवढं बोलून मान खाली आणि कामाला सुरुवात. हे शेवटचं महत्त्वाचं. लोक हसले म्हणून आपणही हसत दुसरा विनोद सांगायला गेलो, की पहिल्याची माती होते. आणि ‘अढी’ दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची नाही. शिळा विनोद हा नव्या माणसाला परवडत नाही, तो ज्येष्ठांचा अधिकार आहे.

असो. सातव्या गठ्ठ्याकडे वळू. “गठ्ठे सहाच असतात” हे सांगणं अगदी बरोबर आणि अगदी घातक होतं. बरोबर उत्तर देणाऱ्याला दुपारचा डबा एकट्याला खावा लागतो. मी निमूट उठलो आणि अभिलेख कक्षात गेलो.

तिथे आप्पा. चष्म्याची एक काडी दोऱ्याची, टेबलावर पाण्याचा तांब्या, मागे छतापर्यंत लाल कापडात बांधलेले बस्ते. मला वाटलं होतं, हे हसतील आणि परत पाठवतील. आप्पांनी चष्मा पुसला.

“सातवा? कोन्ता सालना?”

मी म्हटलं, साल नाही सांगितलं.

“आसं कसं? 1998 ना पहिलेना का नंतरना?”

इथे खुलासा करायला हवा. 1 जुलै 1998 ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि कागदांचीही वाटणी झाली. तेव्हापासून आप्पांच्या कक्षात जे सापडत नाही, ते नंदुरबारला गेलेलं असतं. जुना नकाशा, कात्री, साहेबांची छत्री, सगळं.

“पहिलेना आसनार त नंदुरबारले ग्या,” आप्पा म्हणाले. “नंतरना आसनार त आठेच शे. बठ भाऊ, पानी पे.”

मग ते खरोखर शिडीवर चढले. अ वर्ग पाहिला, तो कायम ठेवायचा असतो, तिथे नाही. ब पाहिला, क पाहिला. प्रत्येक बस्त्याची धूळ माझ्यावर झटकून ते वरून विचारत, “जाडा शे का बारीक?” या गृहस्थांना गंमत कळलेली नाही, की तेच गमतीचे मूळपुरुष आहेत, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. खाली उतरून त्यांनी मागणीपत्राचा कोरा कागद पुढे केला. “लिखी दे. बिगर लिखेल काहीच देत नाही मी.” मी लिहिलं. ‘विषय’ या रकान्यापाशी मात्र डोकं चाललं.

“आप्पा, एक रिकामं बस्त्याचं कापड मिळेल?”

आप्पांनी माझ्याकडे पहिल्यांदा माणसासारखं पाहिलं आणि कापड दिलं.

कोपऱ्यावरच्या गाडीवरून भत्ता घेतला. मुरमुरे, जाड तिखट शेव, शेंगदाणे. कांदा आणि तळलेली मिरची वेगळ्या पुड्यात बांधून घेतली, कारण कांदा आधी मिसळला तर मुरमुरे दहा मिनिटांत चिवट होतात आणि सगळा डाव नरम पडतो. पुडे कापडात ठेवले, चारी टोकांची नीट गाठ मारली, वर चिठ्ठी: ‘गठ्ठा क्र. 7. विषय: थकीत भत्ता.’ शाखेत येऊन ज्यांनी पाठवलं त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि पोचेची सही मागितली. सही होईपर्यंत हसलो नाही. हसायचं असतं ते त्यांनी. शिवाय वाटप त्यांच्याच हातून करवलं. ज्याने खोडी काढली त्याच्याच हातात विनोद परत द्यावा, म्हणजे त्याचं हसू होत नाही आणि उद्या तो वचपा काढायला येत नाही.

आता यात एक गोम आहे. भत्त्याने सगळंच भागत नाही. हापूस, भातखाऊ, ‘तिखट झेपेल का’ इथवर ठीक. पण एकाने डब्याच्या वेळी हळूच “पण तुम्ही नक्की कोणत्यातले?” असं विचारून वर डोळा मारला. त्याला पायरी चढवून द्यायची नसते. न हसता “म्हणजे? समजलं नाही” म्हणायचं आणि थांबायचं. असला विनोद समजावून सांगताना सांगणाऱ्यालाच घाम फुटतो. पुन्हा झालं तर चहाला बाजूला घेऊन “हे नको” एवढंच सांगायचं, चारचौघांत नाही. तिसऱ्यांदा झालं तर तारीख घालून लेखी, कार्यालयप्रमुखांकडे. आणि बाईमाणसाला उद्देशून वाह्यात बोलणं ही तर चेष्टाच नव्हे. त्याला 2013 चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात त्यासाठी समिती असावी लागते. “अहो, गंमत केली” हे तिथे उत्तर धरत नाहीत, धरूही नये.

तिखटाची परीक्षाही झालीच. शेवभाजी, काळ्या मसाल्याची, वर बोटभर तर्री. सगळे माझ्या कपाळाकडे बघत बसलेले. अशा वेळी पाण्याचा पेला ओढायचा नाही. मिरचीतला झणका पाण्यात विरघळत नाही, नुसता तोंडभर पसरतो. भाकरीचा मोठा तुकडा आणि ताक, एवढंच कामाला येतं. डोळ्यांतून पाणी आलं तर “रत्नागिरीची आठवण आली” म्हणावं. मी म्हटलं. चाललं.

तर मी आता त्यांच्यातला झालो म्हणे. ‘भाऊसाहेब’ गेलं, ‘काय रे भो’ आलं. झाल्याचा फायदा असा, की दर शनिवार-रविवारच्या आधी, म्हणजे शुक्रवारी, सातवा गठ्ठा येतो आणि पैसे माझे जातात. ‘विषय तुम्हीच सुरू केला ना भो.’ ‘ड’ वर्गाच्या कागदांची यादी करायचं सगळ्यांनी टाळलेलं कामही आपलेपणाने माझ्याकडे आलं आहे. खुर्चीचा एक हात पहिल्या दिवसापासून नाही, त्याबद्दल तीनदा बोललो. तो नंदुरबारला गेला असं कळलं.