बकरीचा नंबर तोंडपाठ, फोनचा नाही

नागपूर-चंद्रपूर एसटीत जामच्या स्टॉपला चहा पिताना फोन हातात होता. चंद्रपूरला उतरलो तेव्हा नव्हता. पुस्तकासारखं उघडायचं कव्हर होतं, त्यात एटीएम कार्ड, आधार आणि दोन नोटा. सगळा संसार एकाच कव्हरात गेला. साळ्याच्या पोरीचं लग्न होतं, बायको दोन दिवस आधीच तिकडं पोचलेली. मी मेहकरकडचा माणूस. चंद्रपूरची मला फक्त ऊन आणि कोळसा एवढीच ओळख.

स्टँडसमोरच्या पानठेलेवाल्यानं फोन दिला. "लावा कोणाला लावायचा तं." आता कोणाला लावणार? मला पाठ असलेला एकमेव नंबर माझाच. तो लावला. बंद. पानठेलेवाला म्हणाला, "काढलं सिम त्यानं." हे बोलताना त्याला किती बरं वाटलं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

पण एका गोष्टीत त्याचं बरोबर होतं. फोनला लॉक असतो, सिमला आपण लावलेलाच नसतो. ती चिमटीएवढी चकती कोणाच्याही फोनात घातली की माझ्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडं जाणार. मग माझा पासवर्ड कितीही अवघड असो, ओटीपी मागवून तो बदलून टाकायला कितीसा वेळ लागतो? म्हणून आधी सिम, मग कार्ड. कंपनीच्या कस्टमर केअरला त्याच फोनवरून लावला. पूर्ण नाव, आधारचा पत्ता, शेवटचा रिचार्ज कितीचा, असं विचारत विचारत एकदाचं सिम बंद झालं. बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "सर, कन्फर्मेशनचा मेसेज तुमच्या नंबरवर येईल." कोणत्या नंबरवर, मावशे?

बँकेचं त्याहून भारी. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणे, नोंदणीकृत मोबाइलवरून फोन करा. नोंदणीकृत मोबाइल चोराच्या खिशात! बटणं दाबत दाबत माणसापर्यंत पोचलो तर त्याला खाते नंबर हवा. पासबुक गावी. पानठेलेवाल्याच्या फोनवरून शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर शोधून लावला, पोराला बोलावलं, त्यानं कपाटातून पासबुक आणून आकडे वाचले, मी ते सुपारीच्या कागदावर लिहिले. एवढी घाई कशासाठी, तर माझ्या कार्डावर ते वायफायसारखं चिन्ह आहे. पाच हजारांपर्यंत पिन न मागता यंत्राला टेकवून पैसे जातात. आणि रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे: तुमच्या हलगर्जीमुळं गेलेले पैसे बँकेला कळवेपर्यंत तुमचे, कळवल्यानंतर गेलेले बँकेचे. म्हणजे प्रत्येक मिनिट पैशाचं. कार्ड बंद करून घेतलं, यूपीआयही बंद करायला सांगितलं, तक्रार क्रमांक आणि वेळ मागून घेतली. तीही सुपारीच्या कागदावर, कारण मेसेज कुठं येणार हे आता सगळ्यांना माहीत आहे.

मग पोलीस ठाणं. बाकावर आधीच एक म्हातारा बसला होता. धोतर, खांद्यावर दुपट्टा, पायाशी रिकामा कासरा. मी बसलो तसा म्हणाला, "तुमचं काय गेलं जी?"

"फोन."

"माही बकरी." थोडं थांबून, "गाभण होती."

गाभण म्हटल्यावर माझ्या फोनाची किंमत आपसूक उतरली.

हवालदारांनी आधी मला बोलावलं. "कुठं हरवला?" म्हटलं, जामपासून इथपर्यंत कुठंतरी. "जाम वर्धा जिल्ह्यात येते. मग वरोरा आहे, भद्रावती आहे. आमच्या हद्दीत हरवला हे कशावरून?" हे मला माहीत असतं तर मी फोनच उचलून आणला असता. मी म्हटलं, साहेब, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावीच लागते. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की हा वकील आहे की नुसताच शिकलेला. मग प्रश्न आला, "चोरी म्हणता की गहाळ?" कोणी खिशात हात घातलेला मी पाहिला नव्हता. "मग गहाळ लिहा. सिम काढायला, फोन ब्लॉक करायला गहाळ चालते." तेवढ्यापुरतं खरंच चालतं. पण डोळ्यादेखत हिसकावला असेल आणि तरी ठाण्यात गहाळ लिहून घेतलं, तर गुन्हाच नोंदला जात नाही. तिथं हटून बसावं.

"आयएमईआय सांगा. फोनचा स्वतःचा नंबर."

"ते डब्यावर असतं. डबा गावी आहे."

"फोन कोणता, रंग कोणता, नंबर काय, काहीच नाही तं आम्ही शोधाचं काय?"

तेवढ्यात बाकावरून आवाज आला. "साहेब, माह्या बकरीचा नंबर आहे." म्हातारा उठून उभा राहिला आणि शाळेत पाढा म्हणावा तसे बारा आकडे म्हणून मोकळा झाला. तिच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला होता. हवालदारांनी लिहून घेतले. पुन्हा म्हणून दाखवा म्हटलं, त्यानं पुन्हा म्हटले. एक आकडा इकडचा तिकडं झाला नाही.

"वर्णन?"

"डाव्या कानाला खाच. कपाळावर पांढरा टिपका. अनोळखी माणसाच्या हातचं खात नाही." मग माझ्याकडं वळून, अगदी कळवळ्यानं, "तुमच्या फोनले कितीक आकडे असतात जी?"

"पंधरा."

"तीनच तं जास्त हायेत."

हवालदार हसले. शिपाई हसला. मला आजही राग येतो. मी दिवसाकाठी दहा वेळा त्या फोनाकडं पाहत होतो हे खरं, पण त्याच्या कानाला बिल्ला नव्हता! म्हाताऱ्याला तक्रारीची प्रत मिळाली. मला सांगितलं, डब्यावरचे आकडे घेऊन या.

मग पुन्हा किराणा दुकान, पुन्हा पोरगा. "बाबा, डब्यात मेथीचं बी हाय." बी ओत बाजूला! दोन सिमचा फोन, म्हणून दोन आयएमईआय. दोन्ही लिहून नेले. प्रत मिळाली, शिक्क्यासकट, फुकट. कोणी पैसे मागितले तर देऊ नये.

प्रत घेऊन सिमच्या दुकानात. आधार कार्ड कव्हराबरोबर गेलेलं, पण नंबर पोराकडून मिळाला आणि अंगठा माझाच होता, तेवढ्यावर भागलं. नवं सिम साळ्याच्या जुन्या फोनात घातलं. आता फोनच बंद करायचा, म्हणजे सरकारच्या ceir.gov.in या साइटवर त्याचा आयएमईआय टाकायचा. मग भारतात कोणतंही सिम घातलं तरी त्याला नेटवर्क मिळत नाही. तक्रारीची प्रत, ओळखपत्र, आकडे सगळं तयार. शेवटी साइट म्हणते, ओटीपी टाका. आणि नव्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येतच नाहीत. दुसऱ्यानं तुमच्या नावाचं सिम काढून ओटीपी लांबवू नये म्हणून केलेला नियम. चांगला नियम आहे. पण त्या चोवीस तासांत माझ्या फोनाचं काय चाललं असेल, ते त्या नियमाला कोण सांगणार?

लग्नात प्रत्येक पाहुण्यानं विचारलं, "रिंग मारून पाह्यली का?" बायको म्हणाली, कव्हरात कार्ड ठेवतात का कोणी. तिच्या फोनच्या कव्हरात दोन आहेत.

दुसऱ्या दिवशी एसएमएस सुरू झाले. पहिला मेसेज रिचार्ज संपत आल्याचा होता. त्यानंतर ओटीपी आला, अर्ज गेला, साइटनं विनंती क्रमांक दिला. फोन चोवीस तासांत ब्लॉक होईल असं तिथं लिहिलं होतं, आणि झालाही. म्हणजे आता तो ना माझ्या कामाचा, ना त्याच्या. सापडला तर त्याच क्रमांकावरून पुन्हा सुरू करून घेता येतो म्हणे. अजून तरी ठाण्यातून फोन नाही. बकरी सापडली की नाही, तेही कळलं नाही. म्हाताऱ्याचा नंबर घ्यायचा राहिला.