दशावताराच्या कॅसेटी आणि मिनिटावर पळणारं मीटर

आज मंडळाच्या बैठकीत एक कोटेशन वाचलं आणि तेव्हापासून डोकं तापलंय. आमचं यूट्यूब चॅनल एवढंसं. पण त्यावर दशावताराचे ते प्रयोग आहेत जे पुन्हा कधी होणार नाहीत, कारण त्यातले निम्मे कलाकार आता हयात नाहीत. कॅसेटींवरचे अजून चाळीस प्रयोग चढवायचे बाकी आहेत. त्यासाठी कुणीतरी ओळखीने एक सल्लागार आणला. त्याने सांगितलं, घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कन्व्हर्ट करणं हा जुना जमाना, सगळं क्लाउडवर टाका. आणि खाली आकडा. समितीतल्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या, कारण शब्द मोठे होते.

मी तो आकडा घरी येऊन सोडवून पाहिला. दर मात्र खरे आहेत, सल्लागाराने वाढवलेले नाहीत. गुगलच्या ट्रान्सकोडर एपीआयचा, म्हणजे क्लाउडवर व्हिडिओ कन्व्हर्ट करून देणाऱ्या सेवेचा, जाहीर दर असा: तयार झालेल्या व्हिडिओच्या दर मिनिटाला एचडीसाठी ३ सेंट, एसडीसाठी दीड सेंट. ऐकायला काहीच नाही. पण पैसे मूळ व्हिडिओच्या मिनिटांचे लागत नाहीत, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आवृत्तीच्या मिनिटांचे लागतात. सल्लागाराने प्रत्येक प्रयोगाच्या चार आवृत्त्या धरल्यात: १०८०, ७२०, ४८० आणि ३६०. पहिल्या दोन एचडीत मोजल्या जातात, उरलेल्या एसडीत. म्हणजे मिनिटाला ९ सेंट. आपला प्रयोग चार तासांचा, २४० मिनिटं. झाले २१.६ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरा, वर १८ टक्के जीएसटी, एका प्रयोगाला जवळपास २,३०० रुपये. चाळीस प्रयोगांचे नव्वद हजारांच्या वर.

आणि त्या चार आवृत्त्या हव्यात कुणाला? यूट्यूबला तुम्ही एक चांगली फाइल दिलीत की खालच्या सगळ्या आवृत्त्या तो स्वतः करतो, फुकट करतो, आणि तुम्ही लहान आवृत्त्या करून ठेवल्यात तरी त्या घेत नाही. लहानमोठ्या आवृत्त्यांची ती शिडी लागते स्वतःच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर व्हिडिओ दाखवणाऱ्यांना. आमच्याकडे दोन्ही नाही. हे सल्लागाराला माहीत नसेल असं मला वाटत नाही, आणि राग त्याचाच येतोय.

बरं, एकच आवृत्ती धरली तर प्रयोगाला साधारण ७६५ रुपये पडतात. ही रक्कम अगदी लुटीची नाही, कबूल. पण माझा मुद्दा नुसत्या रकमेचा नाही. तो सांगायला मला आमच्या काकांची कॅसेट सांगावी लागेल.

काकांनी दशावतारातला संकासूर राक्षस किती वर्षं केला हे गावात कुणाला सांगायला नको. त्यांच्याकडे मिनी डीव्हीच्या कॅसेटी होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून. शहरातल्या एका दुकानातून त्या कॉम्प्युटरवर उतरवून आणल्या. मी पहिली फाइल कन्व्हर्ट केली आणि काकांना बोलावलं. आधी ते खूश झाले. मग संकासुराने हात उगारला आणि काका पुढे सरकून बघायला लागले. म्हणाले, "तो हात असो कित्याक थरथरता गो? आमचो संकासूर असो थरथरत नव्हतो."

काकांचं बरोबर होतं. जुन्या कॅमेऱ्यात एक पूर्ण चित्र एकाच वेळी टिपलं जात नसे. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं: एका अर्ध्यात विषम रेषा, दुसऱ्यात सम, आणि दोहोंमध्ये एक पन्नासांश सेकंदाचं अंतर. आजच्या पडद्यासाठी ती अर्धी वेगळी करून सेकंदाला ५० पूर्ण चित्रं बनवावी लागतात, त्याला डीइंटरलेस म्हणतात. ते न करता फाइल तशीच चढवली तर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. विषम रेषांच्या अर्ध्याला 'वरचं' म्हणतात, सम रेषांच्या अर्ध्याला 'खालचं'. डीव्हीमध्ये खालचं अर्ध आधी येतं. दुकानदाराने उतरवताना फाइल दुसऱ्या प्रकारात जतन केली होती आणि तिच्यावर वरचं अर्ध आधी अशी खोटी नोंद बसली होती. त्यामुळे अर्ध्यांची अदलाबदल झाली: हात एक पाऊल पुढे, एक मागे, पुन्हा पुढे. ब्राह्मण नुसता उभा राहून बोलतो तेव्हा काहीच कळत नाही. संकासूर नाचायला लागला की कळतं. तुमच्याकडे अशी फाइल असेल तर सगळ्यात जोरात हालचाल असलेलं मिनिट शोधा आणि एकेक चित्र पुढे सरकवत पाहा.

काका शेजारी बसलेले असतानाच मी त्याच मिनिटावर ffmpeg या प्रोग्रामने ही चाचणी केली:

```
ffmpeg -ss 00:18:00 -t 60 -i sankasur.avi \
 -vf "bwdif=mode=send_field:parity=bff,scale=1440:1080:flags=lanczos,setsar=1" \
 -c:v libx264 -preset slow -crf 18 -x264-params aq-mode=3 \
 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 192k test.mkv
```

यातला `parity=bff` म्हणजे फाइल काहीही सांगो, खालचं अर्ध आधी धर. हात थरथरायचा थांबला. मग काकांनी दुसरी गोष्ट दाखवली. संकासुराचा वेष नखशिखांत काळा, मागे अंधार, वर एकच बल्ब. त्या काळ्या वेषावर चौकोन चौकोन दिसत होते, झग्याची घडी कळत नव्हती. त्यासाठी तो `aq-mode=3`, जो चित्राच्या अंधाऱ्या भागाला जास्त वाटा देतो. चित्राचा दर्जा ठरवणारा `crf`चा आकडा २३ वरून १८ वर आणला, म्हणजे फाइल मोठी पण घडी शाबूत. एक मिनिट काढायचं, काकांना दाखवायचं, ते मान हलवायचे, परत. रात्री उशिरापर्यंत आम्ही हेच करत होतो आणि चहा कितीदा झाला ते काकूला विचारा.

हे क्लाउडवर होतं का? होतं. डीइंटरलेस तिथेही आहे, एका मिनिटाच्या चाचणीला तीनेक रुपयेच पडतात, मान्य. पण त्याआधी कॅसेट वर चढवा. डीव्हीची एक तासाची फाइल साधारण १३ जीबीची, प्रयोगाला ५२. आमच्याकडे अपलोड चालतो २० एमबीपीएसने, तोही सरळ चालला तर सहा तास. मग वेब पानावर रकाने भरा, काम लावा, तुकडा खाली उतरवा, बघा. काका तोवर घरी गेले असते. आणि सगळं जमल्यावर तयार फाइल, वीसेक जीबी, पुन्हा खाली उतरवायची (बाहेर काढायचेही पैसे लागतात) आणि मग यूट्यूबवर चढवायची. घरी केलं तर ती वीस जीबी एकदाच वर जाते, बस्स.

आणि पूर्ण फाइल पुन्हा करायची वेळ येतेच. काकांच्या त्याच पिशवीत पुढच्या दोन कॅसेटी वेगळ्या कॅमेऱ्याच्या निघाल्या, एचडीव्ही या एचडी प्रकारच्या, ज्यात वरचं अर्ध आधी असतं. एकच साचा सगळ्यांना लावला असता तर तिथे बरोबर उलटा गोंधळ झाला असता. क्लाउडवर तुमची सूचना चुकीची असली तरी काम 'पूर्ण' असंच दाखवतं आणि मिनिटं मोजली जातात. मीटर चालू असलं की माणूस 'चालेल, एवढं कोण बघतंय' म्हणतो. काका बघतात. त्यांच्यासोबत उभे राहिलेले बघतात.

आता घरचा खर्च, म्हणजे कुणी म्हणायला नको की मी लपवला. माझा कॉम्प्युटर जुना चार कोअरचा आहे. चार तासांचा प्रयोग वरच्या सेटिंगला अकरा-बारा तास घेतो. प्लगला लावायच्या वॉटमीटरवर कामाच्या वेळी ११० वॉटच्या आसपास दिसतं. म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये म्हटले तर प्रयोगामागे १५-१६ रुपये. रात्री जेवून लावायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत बघायचं.

हो, कॉम्प्युटर झिजतो, पंखा ओरडतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. एमपी४ फाइल अर्ध्यात वीज गेली तर उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. म्हणून मी एमकेव्हीत काढते. वीज गेली तरी तोवरचा भाग चालतो. शिवाय कॅसेटनिहाय वेगळ्या फाइल काढते आणि शेवटी न बिघडवता जोडते. गेली तर एका कॅसेटची मेहनत जाते, अख्ख्या प्रयोगाची नाही. ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे त्यांचं काम कितीतरी लवकर होईल, पण तेवढ्याच आकारात त्याचं चित्र जरा कमी उतरतं, म्हणून फाइल मोठी ठेवावी लागते.

क्लाउड कामाचाच नाही असं मी म्हणत नाही. जत्रेच्या दिवसांत पन्नास प्रयोग दुसऱ्या दिवशी चढवायचे असते, किंवा आपलं स्वतःचं अ‍ॅप असतं, तर मीच तो मागितला असता. आमच्याकडे घाई नाही. कॅसेटी वीस वर्षं पिशवीत होत्या, त्यांना अजून एक रात्र जड नाही.

जड आहे ते दुसरंच, आणि ते त्या कोटेशनमध्ये कुठेही नाही. मिनी डीव्ही वाचणारे कॅमेरे आता बनत नाहीत. जे आहेत त्यांची हेड झिजतायत, कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर उतरवायला लागणारी फायरवायरची केबल आणि ते पोर्ट असलेला कॉम्प्युटर शोधावा लागतो. टेपवर बुरशी धरली की चित्रात चौकोन पडतात आणि ते कुठल्याही सेटिंगने परत येत नाहीत. दुकानदाराने दुसऱ्या प्रकारात जतन केलेल्या फायलींवर मी आत्ता काम करतेय. मूळ डीव्ही जशीच्या तशी उतरवून घेतली असती तर ती खोटी नोंद बसलीच नसती.

म्हणून मंडळातल्या सगळ्यांना उघड विनंती, पुढच्या बैठकीची वाट न बघता. त्या कोटेशनवर सही करू नका. त्यातल्या थोड्या पैशांत चालता मिनी डीव्ही कॅमेरा विकत घेऊया आणि त्याची हेड साफ करून घेऊया. दोन हार्डडिस्क घेऊया, एक मंडळात आणि एक दुसऱ्या गावात कुणाच्या तरी घरी. कन्व्हर्ट मी करते, रात्रीची वीज माझी. ज्यांच्या घरात अजून कॅसेटी आहेत त्यांनी त्या देवघराखालच्या दमट कपाटातून आधी बाहेर काढा, आणि कुठल्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केलं होतं तेवढं चिठ्ठीवर लिहून पाठवा.