व्याजाची आठवण करून देताना पाळायचे संकोच

उधारीवर काजूगर विकणाऱ्या कोकणी कारखानदाराने ठरलेले व्याज मागू नये, हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे; आणि तो अलिखित असूनही, व्याजाची अट लिखित असते त्याहून कितीतरी काटेकोरपणे पाळला जातो. वेंगुर्ल्याकडे माझा लहानसा कारखाना आहे आणि या नियमाच्या पालनात मी बरीच वर्षे घालवली आहेत. तेव्हा नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांना चार अनुभवाच्या गोष्टी सांगणे मी कर्तव्य समजतो.

सुरुवात अटीपासून करावी. ‘तीस दिवसांनंतर द. सा. द. शे. १८ टक्के सरळ व्याज’ हे वाक्य ऑर्डर घेताना चुकूनही दाखवू नये, कारण त्या वेळी ग्राहक ते वाचण्याचा धोका असतो. माल टेम्पोत चढून घाट ओलांडून गेला, की मग बिलाच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ते छापावे. पुढे वाद झाला की ग्राहक शांतपणे म्हणतो, ‘हे आमचे ठरलेच नव्हते’, आणि त्याचे म्हणणे अगदीच खोडून काढता येत नाही, कारण माल पोचल्यावर एका बाजूने छापलेली ओळ ही बरेचदा विक्रेत्याची इच्छा ठरते, दोघांचा करार नव्हे. काही उतावीळ मंडळी ऑर्डरच्या कागदावरच दर, मुदत आणि मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची हे लिहून ग्राहकाची सही घेतात, निदान व्हॉट्सअॅपवर त्याचा होकार मिळवून तो जपून ठेवतात. अशांच्या वाट्याला पुढे भांडणाचा आनंद येत नाही.

मुदत टळली की फोन करावा, पण पैशांसाठी नव्हे. पाऊस, आंब्याचा मोहोर, गणपतीला कोण कोण येणार, शेठच्या गुडघ्याचे दुखणे, हे सारे यथास्थित बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता म्हणावे, ‘शेठ, त्या बिलाचा जमला तर बघा हां, घाई नाय.’ शेठ बिचारे तुमच्या शब्दाला मान देतात. घाई नाही म्हणताच ते घाई करत नाहीत. शिवाय फोनवरच्या बोलण्याचा मागमूस राहत नाही, त्यामुळे पुढे तुम्ही कधी काय मागितले होते हे तुम्हालाही सिद्ध करता येत नाही.

आता एक कुप्रसिद्ध उदाहरण सांगतो. आमच्या वाडीतल्या एका काकींनी, ज्या स्वतः काजूचा कारखाना चालवतात, एका ठोक व्यापाऱ्याला दहा-दहा किलोचे डबे पाठवले. करासह बिल २,४०,००० रुपयांचे, माल पोचला १ जुलैला, मुदत संपली ३१ जुलैला. ३० ऑगस्टला एक लाख आले, उरलेले एक लाख चाळीस हजार १४ सप्टेंबरला. आपण असतो तर मुद्दल आले या आनंदात देवाला नारळ दिला असता. काकींनी कॅल्क्युलेटर काढला.

येथे त्यांच्या मुलाने चांगली चूक सुचवली होती: पंचेचाळीस दिवस उशीर, तेव्हा दोन लाख चाळीस हजारांवर पंचेचाळीस दिवसांचे ५,३२६ रुपये सरसकट लावावेत. मी ही पद्धत मनापासून सुचवतो, कारण ग्राहकाला आकड्यात एक चूक सापडली की तो संपूर्ण मागणीच फेटाळायला मोकळा होतो. काकींनी मात्र सारे बिघडवले. पहिले तीस दिवस पूर्ण रकमेवर व्याज धरले, ते ३,५५० रुपये ६८ पैसे. ३० ऑगस्टचे एक लाख मुद्दलात वळते केले आणि पुढचे पंधरा दिवस उरलेल्या १,४०,००० वर मोजले, ते १,०३५ रुपये ६२ पैसे. बेरीज ४,५८६ रुपये ३० पैसे. वरचे तीस पैसे सोडले, हीच काय ती त्यांची दुर्बलता.

नंतर पत्र. पत्राचे दोनच शिष्टसंमत प्रकार आहेत: एक लोळण घेणारे (‘आपल्याला त्रास देताना फार वाईट वाटते’) आणि दुसरे, लोळण तीनदा फुकट गेल्यावर रात्री अकराला लिहिलेले, ज्यात कोर्ट, पोलीस आणि व्यापाऱ्याचे तीर्थरूप यांचा उल्लेख असतो. काकींचे पत्र दोहोंत बसत नाही, म्हणून ते केवळ सावधगिरीसाठी येथे देतो.

‘स. न. वि. वि. आपल्या १ जुलै रोजी पोचलेल्या मालाच्या बिलाची पूर्ण रक्कम १४ सप्टेंबर रोजी मिळाली, त्याबद्दल आभारी आहे. ऑर्डरच्या कागदावर आपल्या सहीने ठरल्याप्रमाणे मुदत ३१ जुलैपर्यंत होती व त्यानंतर सालीना १८ टक्के सरळ व्याज लागू होते. त्याप्रमाणे व्याज ४,५८६ रुपये होते. दिवसवार हिशेब सोबत जोडला आहे. हिशेबात काही चूक आढळल्यास आठ दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा ही रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत खात्यावर जमा करावी, ही विनंती. कायद्याने मिळणारे इतर हक्क राखून हे पत्र लिहिले आहे.’

पाहा, ना रुसवा, ना धमकी, ना क्षमायाचना. व्यापाऱ्याला चिडायला कुठे जागाच ठेवलेली नाही. विनंती आहे, पण तिला तारीख आहे. आणि शेवटचे वाक्य तर नम्रतेने दार लावून कडी घालणारे. त्या ‘इतर हक्कां’त काय दडले आहे हे वाचकाने न शोधलेलेच बरे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी ठरलेल्या तारखेला पैसे मिळायला हवेत आणि कागदावर नव्वद दिवस लिहिले तरी ती मुदत पंचेचाळीस दिवसांपलीकडे जात नाही; काहीच ठरले नसेल तर पंधरा दिवस. चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, म्हणजे व्याजावरही व्याज. मात्र हे सर्व वापरायचे तर उद्यम नोंदणी व्यवहाराच्या आधीच केलेली असावी. पैसे अडकल्यावर नोंदणीला धावणे ही आपली परंपरा आहे आणि ती वादाला निमंत्रण देते.

एक बारीक काटा मात्र काकींच्याही पायात रुतला होता. उशिराचे व्याज जीएसटीच्या दृष्टीने मालाच्या किमतीतच धरले जाते आणि ते हातात पडेल तेव्हा त्यावर मालाच्याच दराने कर भरावा लागतो. पत्रात तो धरायचा त्यांच्याकडून राहिला, म्हणून नंतर वेगळी डेबिट नोट पाठवावी लागली. आपण व्याज घेतच नसल्यामुळे या कटकटीपासून पूर्ण मुक्त आहोत.

२९ सप्टेंबरला त्या व्यापाऱ्याने ४,५८६ रुपये जमा केले आणि त्याच दिवशी दिवाळीची ऑर्डर दिली. यावेळी त्याने मुदत पंचेचाळीस दिवस मागितली, आणि काकींनी ती कागदावर लिहून दिली. माझ्या ग्राहकाकडे माझे मागच्या दिवाळीपासूनचे व्याज आहे. त्याला वाईट वाटू नये म्हणून यंदा मी पाव किलो काजूगरांचा पुडा भेट पाठवला. तो मिळाल्याचे त्याने दुसऱ्याच दिवशी, अगदी लेखी कळवले.