‘और वर्धा में?’ हे स्पीकरला मघाशी कळलं, आता का नाही?

स्मार्ट स्पीकर थोड्या वेळाने आधीचा प्रश्न विसरतो, त्याचं कारण असं सांगितलं जातं: “स्मार्ट स्पीकरची मेमरी छोटी असते. लगेच विचारलं तर उत्तर देतो, पण दहा मिनिटांत मेमरी भरते आणि जुनं पुसलं जातं. रोज रात्री प्लग काढून ठेवा, नाहीतर महागडं मॉडेल घ्या. ॲपमध्ये तर आपलं अख्खं बोलणं जपलेलं असतं, म्हणजे हा विसरल्याचं नाटक करतो.”

आधी मेमरीचं बघू. स्पीकरचं स्वतःचं काम थोडं असतं: हाक ओळखायची आणि पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवायचं. अर्थ बहुतेक वेळा तिथेच लागतो. त्यामुळे प्लग काढून बोलण्याचा धागा टिकत नाही, आणि महागड्या मॉडेलचे जास्तीचे पैसे मुख्यतः आवाजाचे नि स्क्रीनचे असतात.

धागा कसा धरला जातो ते नागपूरच्या उन्हाळ्यातच पाहा. स्पीकरशी आपण हिंदी बोलतो, ती सवय आपल्याला आहेच. “आज नागपुर में कितनी गर्मी है?” विचारलं की सर्व्हर छोटी नोंद करतो: विषय हवामान, ठिकाण नागपूर, दिवस आज. लगेच “और वर्धा में?” म्हटलं, तर तो फक्त ठिकाण बदलतो, विषय आणि दिवस आधीच्या नोंदीतून घेतो. ही नोंद त्या संवादापुरतीच असते. तुम्ही कूलरमध्ये पाणी भरून येईस्तोवर संवाद संपलेला असतो आणि नोंदही गेलेली असते. मग “और रामटेक में?” याला विषयच सापडत नाही.

त्याच क्षणी “रामटेक में आज कितनी गर्मी है?” असं पूर्ण विचारा, झटकन सांगेल. मेमरी भरली असती तर हेही अडलं असतं. उलट, हवामानानंतर लगेच गाणं लावायला सांगा आणि मग “और वर्धा में?” विचारा. वेळ फार गेलेला नसतो, तरी धागा तुटू शकतो, कारण मधे विषय बदलला.

नोंद जास्त वेळ का ठेवत नाहीत? स्पीकर अख्ख्या घराचा असतो. अर्ध्या तासाने आजीने पंचांग मनात धरून “और कल?” विचारलं, तर तिला उन्हाचा आकडा ऐकावा लागेल. भलतंच उत्तर ठासून देण्यापेक्षा “समझ नहीं आया” म्हटलेलं परवडतं. माझ्या मते हा निर्णय बरोबरच आहे.

ॲपमधली हिस्टरी खरी आहे, पण साधा स्पीकर प्रत्येक प्रश्नाआधी ती वाचत बसत नाही. कुकरसाठी लावलेला टायमर मात्र वाजतो, कारण ते काम म्हणून वेगळं साठवलेलं असतं. चॅटबॉटमागे असतं तशा भाषा मॉडेलवर चालणारे नवे स्पीकर धागा जास्त वेळ धरतात, कारण नव्या प्रश्नासोबत अलीकडचं बोलणंही मॉडेलला दिलं जातं. त्यातलं किती द्यायचं यालाही मर्यादा असते.