साखरपुड्यातलं घुबड

खानापूरला चुलतभावाचा साखरपुडा होता, आणि त्या दिवशी आरशात मी इतकी झकास दिसत होते की आत्तीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. चार दिवसांनी ग्रुपवर फोटो आले. डोळ्यांखाली दोन पांढरेफटक चंद्र, कपाळावर तिसरा, आणि मान मात्र नेहमीच्या रंगाची. दादानं लगेच टाकलं, "हे घुबड कुणाकडनं आलंय गे?"

आता मी काय केलं होतं, तर खडेबाजारातनं आणलेली ती पांढरी ट्रान्सलुसंट पावडर डोळ्यांखाली चांगली थापून दहा मिनिटं ठेवलेली, बेकिंग म्हणतात त्याला. डबीमागं बघितलं तर पहिलंच नाव सिलिका. हे सिलिका घाम-तेल शोषतं, आरशात दिसतसुद्धा नाही, खरं फ्लॅश कॅमेऱ्याच्या शेजारनंच येतो, त्याचा उजेड पावडरीवर आपटून सरळ लेन्सकडं परत जातो आणि जिथं थर जाड तिथं पांढरं. घरातला उजेड चारी बाजूंनी येतो म्हणून आरसा बिचारा काही बोलत नाही. वर मी खाली सनस्क्रीन पण फासलेलं, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडवालं, त्यानं अख्खा चेहराच मानेपेक्षा गोरा. संध्याकाळी सातच्या कार्यक्रमाला सनस्क्रीन कशाला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग भाचीच्या बारशाला रागानं पावडरच लावली नाही. फोटोत नाक असं चमकायलंय की तुपात बुडवलेला मांडा! त्यात गालाला चकाकीवालं हायलायटर लावलेलं, फ्लॅशमध्ये ते घामासारखंच दिसतं.

त्या पांढऱ्या डबीचं काय करायचं, टाकवत पण नव्हती, म्हणून वैनीला देऊन टाकली.

लग्नाच्या आदल्या रात्री मात्र मी पूर्ण मेकअप करून बाथरूममध्ये लाईट बंद केली आणि हातभर अंतरावरनं फ्लॅश मारून फोटो काढला. (आई बाहेरनं, "आत वीज चमकायलीय काय गे?") पहिल्या फोटोत नाकाशेजारी पांढरट दिसलं. पावडर या वेळी त्वचेच्या रंगाची, पिवळसर घेतलेली, तरी जास्त झालेलीच. ब्रशनं झाडली, परत फोटो. मग फक्त नाक, कपाळ आणि हनुवटीवर स्पंजनं दाबून ठेवली, गालाला हात लावला नाही. तिसऱ्या फोटोत चेहरा आणि मान एकाच बाईची वाटली.

लग्नात घाम आला की पावडरीवर पावडर चढवायची नाही, आधी टिशू दाबून तेल टिपायचं, पुसायचं नाही, हे मी जेवणाच्या पंगतीपर्यंत कसंबसं पाळलं.

परवा अल्बम आला. मी ठीक, शेजारी वैनी, डोळ्यांखाली दोन चंद्र. या वेळी दादानं ग्रुपवर काहीच टाकलं नाही.